सोलर व्हेंडरला नकार कळवायचा आहे, पण पुढच्या वेळी त्यांनी यावं असंही वाटतं. मजकूर सुचवा

सचिव_बी_विंग

पुण्यात आमची 48 फ्लॅटची सोसायटी आहे. कॉमन मीटरसाठी 20 किलोवॅटच्या सोलरचं कोटेशन एका व्हेंडरकडून आलं होतं. माणसं चांगली आहेत. मालक स्वतः दोनदा गच्चीवर येऊन गेले, पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते मोजलं, पॅनेलचा लेआउट काढून दिला, आणि यातल्या कशाचेच पैसे घेतले नाहीत. दरही वाजवी आहे.

पण सर्वसाधारण सभेत ठरलं की आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग. वरच्या मजल्यावरचे लोक दोन पावसाळे बादल्या लावून बसलेत, त्यामुळे हा निर्णय मला पूर्ण पटलेला आहे. सोलर आत्ता नाही.

मी लिहिलेला मेल असा:

"आपला प्रस्ताव समितीला आवडला. परंतु सध्या निधीअभावी पुढे जाणं शक्य होत नाही. योग्य वेळी नक्की कळवू. संपर्कात राहूच."

खजिनदार म्हणतात, हा नकार वाटतच नाही. तुम्हाला काय वाटतं?

गच्चीवाला

अहो, 18,000 रुपये किलोवॅटमागे म्हणजे 20 किलोवॅटला 3 लाख 60 हजार सबसिडी होते. पीएम सूर्य घर योजनेची मुदत 2026-27 पर्यंतच आहे. नकार कसला देताय? लावून टाका. वॉटरप्रूफिंग नंतरही होतं की. आमच्याकडे लावलं, कॉमन बिल जवळजवळ शून्यावर आलं.

सचिव_बी_विंग

सबसिडीवर सभेत बरीच चर्चा झाली. पॅनेल लावल्यावर वॉटरप्रूफिंग करायचं तर अख्खं स्ट्रक्चर उतरवून परत चढवावं लागणार, आणि वॉटरप्रूफिंगवाला त्यानंतरची गॅरंटी द्यायला तयार नाही. तो विषय संपला आहे. मला फक्त कळवायचं कसं ते विचारायचं आहे.

खरेदीविभाग_चाकण

तुमचे खजिनदार बरोबर आहेत. व्हेंडरच्या खुर्चीत बसून तो मेल वाचा.

"निधीअभावी" हे वाचल्यावर तो दोन दिवसांत हप्त्यांची योजना घेऊन येईल. नाहीतर असा प्रस्ताव आणेल की गुंतवणूक आमची, तुम्ही फक्त युनिटमागे पैसे द्या. मग त्याला काय सांगणार? पैसा ही खरी अडचण नव्हतीच. जी अडचण तो सोडवू शकतो ती कारण म्हणून लिहिलीत, की नकाराच्या वाटाघाटी होतात.

खरं कारण लिहितानाही हेच सांभाळा. "गच्चीला भोकं पाडायची नाहीत" असं लिहिलंत तर तो काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं राहणारं, भोकं न पाडणारं स्ट्रक्चर सुचवेल, आणि ते त्याच्या बाजूने रास्तच असेल. म्हणून कामासाठी गच्ची मोकळी हवी, एवढंच सांगा. त्यावर त्याच्याकडे उपाय नाही.

"सध्या" आणि "योग्य वेळी" यांचा अर्थ त्याच्या सेल्सवाल्याच्या वहीत "पुढचा महिना" असा होतो. मी असं लिहीन:

"आपला 20 किलोवॅटचा सोलर प्रस्ताव न स्वीकारण्याचा निर्णय समितीने घेतला आहे. सर्वसाधारण सभेत गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करायचं ठरलं असून ते पूर्ण होईपर्यंत गच्चीवर कोणतीही उभारणी होणार नाही. त्यामुळे किंमत, हप्ते किंवा स्ट्रक्चर बदलून दिलेल्या सुधारित प्रस्तावाचाही आत्ता विचार होणार नाही. या कोटेशनवर आमच्याकडून काहीही प्रलंबित नाही. आपण सावलीची मोजणी आणि लेआउट काळजीपूर्वक करून दिलात, त्याबद्दल आभार. तो लेआउट आम्ही दुसऱ्या कोणाला देणार नाही. वॉटरप्रूफिंगनंतर सोलरचा विषय सभेने पुन्हा घेतला तर नव्याने कोटेशनं मागवू आणि आपल्यालाही विचारणा पाठवू. त्या वेळी दर आणि अटी नव्याने पाहिल्या जातील."

लेआउटचं वाक्य काढू नका. पुढच्या वेळी तो पुन्हा गच्चीवर चढेल का, हे त्यावर बरंचसं ठरतं. अनेक सोसायट्या एकाचा लेआउट दुसऱ्याच्या हातात देऊन दर पाडून घेतात, आणि ते व्हेंडर लोकांना कळतंच.

मितभाषी

एवढं लांबण कशाला? कारण द्यायचंच नाही. "आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही, धन्यवाद." विषय संपला. कारण दिलं की वाद सुरू.

खरेदीविभाग_चाकण

नुसता दरवाजा बंद करायचा असेल तर तुमचं बरोबर आहे. पण यांना तो उघडा ठेवायचा आहे. कारण कळलं नाही तर व्हेंडर समजणार की दर जास्त पडला किंवा दुसऱ्याला काम दिलं. मग पुढच्या विचारणेला तो येणार नाही, किंवा आला तर वेळ न घालवता ढोबळ आकडा पाठवून देईल.

लिफ्टची_कटकट

आमच्या लिफ्टच्या एएमसीवाल्याला असंच पत्र दिलं तर तो करारातली एक महिन्याच्या नोटिशीची अट दाखवतोय. तुम्हीही करार नीट तपासा.

सचिव_बी_विंग

आमचा करारच झालेला नाही, नुसतं कोटेशन आहे. तुमचं प्रकरण चालू करार संपवण्याचं दिसतंय. वेगळा धागा काढलात तर जास्त लोक सांगू शकतील.

फिरतीवर

मी विक्रीत आहे. सोलरमध्ये नाही, पण सोसायट्यांनाच माल विकतो. महिनाअखेरीला कुठलं काम येणार याची यादी वरिष्ठांना द्यावी लागते. गोड मेल आला की तुमची सोसायटी त्या यादीत राहते आणि दर महिन्याला त्याबद्दल बोलणी मलाच खावी लागतात. त्यापेक्षा सरळ "नाही" परवडतं, वाईट वाटत नाही.

वरचा मजकूर चांगला आहे. फक्त मेलच्या आधी फोन करा, त्याच दिवशी. मालक स्वतः दोनदा येऊन गेलाय, त्याला पहिल्यांदा मेलवरून कळू नये. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, "निर्णय नाही असा झालाय." हवापाण्याच्या गप्पा आधी झाल्या की माणूस आशेवर येतो.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. नुसतं "विचारणा पाठवू" म्हणालात तर मी महिन्याभराने फोन करणारच, ती माझी नोकरी आहे. साधारण महिना सांगून टाका.

खरेदीविभाग_चाकण

महिना मी सांगणार नाही. वॉटरप्रूफिंगचं काम लांबतं, सभा पुढे जाते, आणि मग "तुम्ही जानेवारी म्हणाला होता" हे ऐकून घ्यावं लागतं. फार तर "पुढच्या वार्षिक सभेआधी या विषयावर काही होणार नाही" एवढं लिहा. आधी काय होणार नाही हे तुम्ही खात्रीने सांगू शकता, नंतर काय होईल हे नाही.

फिरतीवर

तेवढं मिळालं तरी चालेल. पण सभा म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, हे मला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये फोन येईलच.

सचिव_बी_विंग

ऑक्टोबरमध्ये आला तर माझी हरकत नाही, तोवर गच्चीचं चित्र स्पष्ट असेल. मजकूर हाच घेतो, सभेचं वाक्य घालून. उद्या आधी फोन करतो.

एक अडचण राहिलीच. आमच्या अध्यक्षांची त्या मालकांशी चांगली ओळख झाली आहे. परवा जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी "तुमचं काम होणार, फक्त थोडं थांबा" असं सांगून टाकलं. आता माझ्या फोनला काय किंमत राहणार?

खरेदीविभाग_चाकण

मग फोन तुम्ही करू नका, अध्यक्षांनाच करायला सांगा, तुम्ही शेजारी बसा. त्यांच्या तोंडून "नाही" गेल्याशिवाय तुमचा मेल तो धरणारच नाही. मेलवरही सही दोघांची असू द्या.

मितभाषी

अध्यक्ष तयार झाले तर! आमचे तर कोणालाच नाही म्हणत नाहीत.

सचिव_बी_विंग

आज संध्याकाळी समितीची बैठक आहे, तिथे मांडतो. ते फोन करायला तयार नसतील तर निदान मेलमध्ये त्यांना प्रत टाकावी की सभेचा ठरावच जोडावा, यावर कोणाचा अनुभव असेल तर सांगा.