दाढ काढण्याआधी स्टेंटची कॅप्सूल थांबवावी का, आणि ते औषधाच्या दुकानात विचारावे का?

कोथरूडकर: वडिलांचे वय ६६. चौदा महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला आहे, मधुमेहही आहे. येत्या गुरुवारी दोन दाढा काढायच्या आहेत. रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस आधी बंद करा, असे शेजारचे काका सांगतात. बंद करावी का? दुकानातल्या फार्मासिस्टला विचारले तर चालेल का?

निवृत्त मुख्याध्यापक: काकांचे बरोबर आहे. माझ्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी सर्जननी क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारे औषध पाच दिवस बंद ठेवायला सांगितले होते आणि काहीही त्रास झाला नाही. दुकानदाराला मात्र यात विचारू नये. त्याचे काम औषध देण्याचे. थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचा.

फार्मासिस्ट, मिरज: सरांचा पाच दिवसांचा आकडा खरा आहे, पण तो त्यांच्या शस्त्रक्रियेसाठी होता आणि त्यांच्या सर्जननी विचार करून दिला होता. दाढेची गोष्ट वेगळी आहे. तिथला रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, कापसाचा बोळा घट्ट दाबून धरता येतो, टाका घालता येतो. म्हणून साध्या दाढेसाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल बहुधा चालूच ठेवतात. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी मात्र बोळ्याने दाबता येत नाही. शिवाय या औषधांचा परिणाम प्लेटलेट्सवर कायमचा होतो आणि नव्या प्लेटलेट्स तयार व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे आदल्या दिवशी एक गोळी चुकवून रक्तस्रावात फारसा फरक पडत नाही.

माझी खरी काळजी निराळी आहे. कोथरूडकर ‘गोळी’ म्हणतात, पण स्टेंटच्या रुग्णाला अनेकदा एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचे औषध अशी तीन औषधे दिलेली असतात. ‘रक्त पातळ करणारी’ म्हणून ती बंद केली, की जे थांबवण्याचे काहीच कारण नव्हते ते तिसरे औषधही थांबते. हे उलगडून सांगणे फार्मासिस्टचेच काम आहे. दुपारी गर्दी नसताना सगळ्या पट्ट्या घेऊन जा. नुसते नाव सांगू नका, कारण मिळत्याजुळत्या नावांत आतले घटक बदलतात. ‘बंद करू का?’ असे न विचारता, ‘या प्रत्येक पट्टीत कोणती औषधे किती मिलिग्रॅम आहेत, आणि यातल्या कशाबद्दल दंतवैद्यांना कळवायला हवे?’ असे विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

साताऱ्याची सून: माझा अनुभव साखरेच्या गोळीचा आहे. सासूबाईंच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधी त्या डॅपाग्लिफ्लोझिन घेत होत्या, पण ते मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असल्यामुळे आम्ही सगळीकडे ‘मेटफॉर्मिन’ एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालू लागला, आणि साखर तर फक्त १७० होती, म्हणून बराच वेळ कोणाला शंकाच आली नाही. शेवटी रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्ले, सापडली. ही गोळी तीन दिवस आधी थांबवायची असते, हे आम्हाला नंतर समजले.

फार्मासिस्ट, मिरज: ही फार मोलाची नोंद आहे. उपाशी ठेवून होणाऱ्या मोठ्या शस्त्रक्रियेला ती लागू पडते. जागा बधिर करून, जेवण न चुकवता दाढ काढायची असेल तर ही गोळी सहसा थांबवावी लागत नाही. पण नंतर दोन दिवस खाणे सुटणार असेल तर तेही आधीच विचारा.

आदित्य: माझी अक्कलदाढ काढल्यावर अँटिबायोटिक आणि वेदनाशामक लागले होते. दोन्ही आधीच दुकानातून आणून ठेवा.

फार्मासिस्ट, मिरज: प्रश्न तो नव्हता, आणि हा सल्ला त्यांच्या वडिलांना धोक्याचा आहे. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, हे दंतवैद्यांना विचारा.

निवृत्त मुख्याध्यापक: दाढेबाबत मी माघार घेतो. पण आमच्या गावच्या दुकानात गल्ल्यावर बारावी झालेला मुलगा बसतो आणि फार्मासिस्टचे फक्त प्रमाणपत्र भिंतीवर असते. तिथे विचारून चुकीचे उत्तर मिळण्यापेक्षा न विचारलेले बरे, हे माझे मत कायम आहे.

फार्मासिस्ट, मिरज: सर, ही स्थिती मला नाकारता येत नाही. ‘नोंदणीकृत फार्मासिस्ट केव्हा भेटतील?’ एवढे विचारावे, आणि ते भेटत नसतील तर त्याच पट्ट्या थेट दंतवैद्यांपुढे ठेवाव्यात.

कोथरूडकर: आज जाऊन आले. कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ आणि रोसुवास्टॅटिन १० आहे. साखरेची गोळी डॅपाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिनची निघाली. आम्हीही तिला इतके दिवस मेटफॉर्मिनच म्हणत होतो. वर्ष उलटून गेल्यावरही क्लोपिडोग्रेल चालू ठेवायचे आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारा, असे फार्मासिस्टताईंनी स्वतःहून सुचवले. दंतवैद्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली आहे. उत्तर मंगळवारी येईल आणि तोवर कॅप्सूल चालूच आहे.