लग्नाचा ४०वा वाढदिवस: एकच गोष्ट सांगावी की चार आठवणी?

थोरली: आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. जेवणाआधी मी बोलायचं आणि शेवटी सगळ्यांनी ग्लास उंचावायचे, असं ठरलंय. माझ्या मनात एकच गोष्ट आहे. मी सातवीत असताना आईने १४ वर्षांच्या खंडानंतर परीक्षा दिली आणि बाबांनी तिचा अभ्यास घेतला. भाऊ म्हणतो, ४० वर्षांतलं एकच वर्ष काय सांगतेस, चार-पाच आठवणी सांग. मोठ्याने वाचली तर गोष्ट ९ मिनिटांची होते. काय करू?

सूत्रधार: गोष्टच सांगा. मी बरीच वर्षं कार्यक्रमांचं निवेदन करतोय. सुट्या आठवणींची अडचण अशी की प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला नव्याने आत शिरावं लागतं: कुठलं घर, कोण केवढं होतं. तो आत शिरतोय तोवर आठवण संपलेली असते. ‘आणखी एक आठवण म्हणजे’ तिसऱ्यांदा आलं की मागे कुजबुज सुरू झालीच म्हणून समजा.

पण ९ मिनिटं नकोत. लोक भुकेले असतात. ४ मिनिटांत बसवा, म्हणजे थांबत थांबत बोललात तर साडेचारशेच्या आसपास शब्द. कात्री सुरुवातीला लावा. शिक्षण का सुटलं, अर्ज कसा भरला, हे सगळं जाऊ द्या. गोष्ट नेमकी कुठे दिसते तुम्हाला?

थोरली: स्वयंपाकघराच्या दारात. बाबा पुस्तक धरून उभे, आई कणीक मळतेय आणि ते प्रश्न विचारतायत. त्यांना त्या विषयातलं काही कळत नव्हतं. उत्तर बरोबर आलं की नाही ते बोट ठेवून, एकेक शब्द जुळवून बघायचे. आईची वही अजून आहे. समासात बाबांनी पेन्सिलीने प्रश्न लिहिलेत आणि एका पानावर नुसतं ‘आता झोप’.

सूत्रधार: मग पहिलं वाक्य दारातलंच. ‘आता झोप’ मात्र आधी फोडू नका, ते अगदी शेवटी. त्यानंतर एक शब्दही समजावून सांगायचा नाही. थोडं थांबा, ‘आई-बाबांसाठी’ म्हणा आणि ग्लास उचला. आणि सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की ग्लास भरून घ्या, नाहीतर ऐन वेळी शोधाशोध होते.

मधला: मला हे पटत नाही. तुमची गोष्ट थोरलीची आहे. धाकट्याला तेव्हा काही कळत नसेल, तर त्या संध्याकाळी तो त्या घरात कुठे आहे? आणि ज्यांची आई-बाबांशी ओळखच गेल्या दहा वर्षांतली, त्यांचं काय? आमच्याकडे आम्ही तिघांनी एकेक आठवण सांगितली. प्रत्येकी एकच मिनिट. आईला सगळ्यात आवडलं ते हेच, की तिघंही बोललो.

सूत्रधार: तिघं बोलणार असतील तर तुमचं बरोबर आहे. आवाज बदलला की ऐकणारा आपोआप सावध होतो. इथे एकटी थोरली बोलणार आहे. नव्या ओळखीच्यांची काळजी नको. दारात पुस्तक धरून उभा असलेला नवरा कुणालाही दिसतो. कळत नाही ते घरातले टोपणनाव आणि घरातला विनोद.

फोटोवाली: प्रत्येक आठवणीला एक फोटो पडद्यावर लावा, आम्ही तसंच केलं. ६० फोटो होते, गाण्यासकट.

थोरली: पडदा नाहीये हो, नुसतं बोलायचंय.

काकू: मला वेगळंच विचारायचंय. आईला विचारलंस का? माझ्या मुलाने असाच एक प्रसंग सर्वांसमोर सांगितला. त्याच्या दृष्टीने तो माझ्या धीराचा होता. मला मात्र त्या वर्षीची तंगी आठवली आणि मी ताटाकडे बघत बसले. तुझी आई पहिल्याच प्रयत्नात पास झाली होती का?

थोरली: नाही, काकू. एक विषय राहिला होता. ‘आता झोप’ दुसऱ्या वेळचं आहे. तेच सांगायचं होतं मला, की बाबा दुसऱ्यांदाही दारात उभे राहिले.

काकू: मग नक्की विचार. गोष्ट सगळी सांगू नकोस, एवढंच विचार की त्या परीक्षेबद्दल बोललं तर चालेल का. तिचा चेहरा बघ.

मधला: आणि नापास झाल्याचं वगळलं तर गोष्टीत उरतं काय? म्हणूनच म्हणतो, हाताशी दोन-तीन आठवणी असू देत.

सूत्रधार: वगळलं तर गोष्ट खरंच लंगडी पडेल, हे मान्य. तरी ‘आता झोप’ उरतंच.

थोरली: आज वही काढून बसले. ‘आता झोप’च्या खाली आईचं अक्षर आहे, इतकं बारीक की आजवर दिसलंच नव्हतं: ‘तुम्ही पण.’ भावाला फोटो पाठवला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ही ओळ मी वाचेन. आईला उद्या विचारते.