शाळेत : सप्तमी की 'शाळा + आत'? (विभक्ती आणि संधीची स्वाध्यायपत्रिका)

खडूफळा
एक स्वाध्यायपत्रिका तपासते आहे. उतारा असा :

"सूर्योदय झाला. मीना वही घेऊन वाचनालयात गेली. खिडकीतून ऊन येत होते, म्हणून तिने खुर्ची मागे ओढली. प्रत्येक पान उलटून पाहिले. दुपारी ती शाळेत न जाता घरी परत आली."

सूचना दोनच. विभक्तिप्रत्यय लागलेल्या शब्दांखाली रेघ ओढा, संधी झालेल्या शब्दांभोवती गोल करा.

रेघा आहेत घेऊन, ऊन, येत, खुर्ची, उलटून आणि परत या शब्दांखाली. गोल आहेत 'वाचनालयात' आणि 'शाळेत' यांना, आणि समासात लिहिलंय : वाचनालय + आत, शाळा + आत. सहा रेघा चुकल्या हे दिसतंच आहे. पण 'शाळा + आत' का चूक, हे दोन ओळींत कसं सांगायचं? 'आत' हा शब्द आहे, 'शाळा' हाही शब्द आहे, आणि अर्थही जुळतो.

रानवारा
चूक कसली? शाळेच्या आत म्हणजे शाळेत. संधीच आहे ती. दोन शब्द जवळ आले, आ आणि आ एक झाले. मी असतो तर गुण दिले असते.

सामान्यरूप
आ आणि आ एक झाले तर काय व्हायला हवं, ते लिहून बघा. शाळा + आत = शाळात. विद्या + आलय = विद्यालय होतं तसंच. पण आपण 'शाळात' म्हणत नाही, 'शाळेत' म्हणतो. हा 'ए' ना 'शाळा'मध्ये आहे, ना 'आत'मध्ये. मग आला कुठून?

दुसरे प्रत्यय लावून बघा : शाळेला, शाळेने, शाळेचा. इथे 'आत'चा काही संबंध नाही, तरी 'शाळे' हजर आहे. म्हणजे प्रत्यय लागण्याआधीच 'शाळा'चं 'शाळे' झालेलं आहे. हे त्याचं सामान्यरूप, आणि त्याला फक्त 'त' लागला. खडूफळा, मुलाच्या पत्रिकेवर मी एवढंच लिहीन : शाळा – शाळे – शाळेत, आणि त्याखाली शाळेला. पुढचं तो स्वतः जोडेल.

रानवारा
मग 'पाण्यात' घ्या. पाणी + आत. ईपुढे आ आला की 'या' होतो, प्रति + एक = प्रत्येक मध्ये होतो तसा. पाण्यात! नियम तंतोतंत बसतो की.

सामान्यरूप
उदाहरण चांगलं काढलंत, फसवं आहे. पण तोच नियम 'नदी'ला लावा. नदी + आत = नद्यात व्हायला हवं, आणि होतं 'नदीत'. मग 'पाण्यात'मधला 'या' संधीचा नाहीच. तो पाण्याला, पाण्याने, पाण्याचा या सगळ्यांत आहे, कारण 'पाणी' नपुंसकलिंगी असल्यामुळे त्याचं सामान्यरूप 'पाण्या' होतं. 'नदी' स्त्रीलिंगी, तिचं एकवचनात 'नदी'च राहतं. नाव कोणत्या लिंगाचं आहे हे संधीला माहीत नसतं, सामान्यरूपाला असतं. आणि अगदी शेवटचा पुरावा हवा असेल तर 'भिंत' घ्या : भिंत + आत म्हणजे 'भिंतात', पण आपण म्हणतो 'भिंतीत'.

अभ्यासिका
पण स्पर्धापरीक्षेच्या मार्गदर्शकांत पूर्वरूप संधीचं उदाहरण म्हणून नदी + आत = नदीत, खिडकी + आत = खिडकीत असंच छापलेलं असतं. दुसऱ्या स्वराचा लोप, मराठीची विशेष संधी. पररूप संधीखाली कर + ऊन = करून, घर + ई = घरी हेही येतं. परीक्षेत हा प्रश्न आला तर मी काय लिहू? आणि मग या उताऱ्यातले 'उलटून', 'घरी', 'दुपारी' हेही गोलात हवेत ना?

सामान्यरूप
परीक्षेत त्या पुस्तकाप्रमाणेच लिहा, तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत. तुमचं निरीक्षण मात्र बरोबर आहे. ती व्याख्या धरली तर 'घरी' एकाच वेळी सप्तमीही आहे आणि संधीही, आणि खडूफळांच्या उताऱ्यात गोलांची संख्या एकदम वाढते.

माझी अडचण 'घर + ई'ची नाही. तिथे 'घर'च्या शेवटचा अ जातो आणि ई राहते, याला कोणी संधी म्हणावं, कोणी म्हणू नये. अडचण 'नदी + आत'ची आहे. 'आत' धरला की नदीसाठी 'आ'चा लोप सांगायचा, पाण्यासाठी यण् सांगायचा, शाळेसाठी काय सांगायचं ते कोणालाच माहीत नाही, आणि भिंतीसाठी तर काहीच नाही. 'सामान्यरूपाला त' म्हटलं की चौघांनाही एकच नियम पुरतो. इतिहासात हा 'त' कुठून आला, हा प्रश्न वेगळा. आजच्या वाक्यात तो प्रत्ययासारखा वागतो, एवढं तपासणाऱ्याला पुरे.

खडूफळा
हे पटलं. अनेकवचनाची गंमतही आता लक्षात येते. जी मुलं 'घर + आत' धरतात ती 'सगळ्या घरात दिवे लागले' असं अनुस्वाराशिवाय लिहितात, कारण 'आत'वर अनुस्वार नाहीच. 'घरां + त' असं तोडलं की घरांना, घरांचा यांच्यासारखाच तो 'घरांत'मध्येही येतो.

गोंधळलेला_वाचक
मूळ प्रश्न 'घेऊन' की 'घेवून' हाच आहे ना? मी 'घेवून' लिहितो, सगळीकडे तसंच दिसतं.

खडूफळा
नाही हो, प्रश्न तो नव्हता. पण 'घेऊन'च. धातूत व असेल तरच व : ठेव – ठेवून, जेव – जेवून, धाव – धावून. घे, जा, ये, पी यांत व नाही, म्हणून घेऊन, जाऊन, येऊन, पिऊन.

सामान्यरूप
प्रश्न चुकीचा वाचला तरी कामाचाच निघाला. 'घेऊन'मध्ये डावीकडे 'घे' आहे, म्हणजे क्रियापदाचा धातू. 'घरून'मध्ये डावीकडे 'घर' आहे, म्हणजे नाम. दोन्हीकडे 'ऊन' दिसतो, पण धातूला लागणारा वेगळा आणि पंचमीचा वेगळा. या मुलाच्या सहाच्या सहा रेघांमागे एकच सवय आहे : प्रत्ययांचा तक्ता पाठ आहे आणि तो शब्दाचं फक्त शेपूट बघतो. घेऊन, उलटून यांत ऊन दिसला. येत, परत यांत त दिसला. 'खुर्ची'त ची दिसला. आणि 'ऊन'मध्ये तर अख्खा शब्दच प्रत्यय दिसला, तिथे मूळ शब्द शिल्लकच राहत नाही!

म्हणून उलट बाजूने तपासायला लावा. शेपूट काढा आणि उरलेल्याला 'ला' लावा. शाळेत – शाळेला, वाचनालयात – वाचनालयाला, तिने – तिला. जमलं. परत – 'परला', येत – 'येला', खुर्ची – 'खुर्ला'. नाही जमलं, रेघ नको.

रानवारा
'पाने' करून बघा. 'ने' काढला, 'ला' लावला, 'पाला' झाला. शब्द खरा, अर्थही झाडाचाच!

सामान्यरूप
हा हा, याला उत्तर द्यायलाच हवं. म्हणून नुसता शब्द होतो का ते पाहून भागत नाही, मधला तुकडा कोणत्या नामाचा ते विचारायचं. 'पा' नावाचं नाम इथे नाही. 'पाने' हे 'पान'चं अनेकवचन.

या चाचणीची दुसरी मर्यादा अशी की ई आणि ऊन हे स्वराने सुरू होणारे प्रत्यय सामान्यरूपाची वाट बघत नाहीत, थेट मूळ शब्दाला चिकटतात. 'घरी'तून ई काढून 'घरला' लिहिणारा मुलगा म्हणेल, जमत नाही. तिथे अर्थ विचारावा : घरी म्हणजे घरात, दुपारी म्हणजे दुपारच्या वेळी. नामच आहे आणि सप्तमीच आहे.

अभ्यासिका
'खुर्ची'बद्दल एक शंका. तिने काय ओढली? खुर्ची. म्हणजे कर्म. कर्माची द्वितीया. मग रेघ बरोबर नाही का?

सामान्यरूप
कर्म आहे, द्वितीया नाही. 'ओढली' हे क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं ते बघा. तिने बाक ओढला, तिने खुर्ची ओढली, तिने टेबल ओढले. कर्माप्रमाणे बदलतं, म्हणजे कर्मणी प्रयोग, आणि त्यात कर्म प्रथमेत असतं. शिवाय सूचना 'प्रत्यय लागलेल्या' शब्दांची आहे. 'खुर्ची'तला 'ची' तिचा स्वतःचाच.

खडूफळा
मग माझी उत्तरसूची अशी होते. रेघा : वाचनालयात, खिडकीतून, तिने, दुपारी, शाळेत, घरी. गोल : सूर्योदय (सूर्य + उदय), प्रत्येक (प्रति + एक), वाचनालयात. या शेवटच्या शब्दाला गोल हवाच, पण वाचन + आलय साठी, 'आत'साठी नाही. मुलाने शब्द बरोबर ओळखला, फोड चुकवली. सूचनेत फक्त गोल मागितला होता, म्हणून गुण देते आणि फोड दुरुस्त करते. 'खिडकीतून'ची विभक्ती मात्र मला ठरवता येत नाही.

रानवारा
पंचमी. ऊन आहे ना शेवटी.

सामान्यरूप
शाळेच्या तक्त्याप्रमाणे पंचमीच. पण त्यात सप्तमीचा 'त' आतच बसलेला आहे, खिडकीत + ऊन. 'खिडकीहून' म्हटलं तर अर्थ बदलतो, आतून आल्याचा भाव जातो. काहीजण 'तून' हा स्वतंत्र शब्दयोगी मानतात. मी त्याला दोन थरांचा प्रत्यय म्हणतो. तुमच्या पत्रिकेत विभक्तीचं नाव विचारलेलं नाही, तेव्हा रेघेला गुण द्या आणि नाव लिहू नका.

अभ्यासिका
'तून'ला शब्दयोगी म्हटलं तर ही रेघच चुकीची ठरेल की.

खडूफळा
खरं आहे. पुढच्या वेळी उताऱ्यात 'खिडकीतून' ठेवत नाही, 'घरून' ठेवते. या वेळी मुलाने तिथे रेघ ओढलीच नव्हती, आणि त्याबद्दल मी गुण कापत नाही.