के-मीन्स: सुरुवातीची केंद्रं बदलली की गट बदलतात

> "डेटा तोच, k तोच, तरी गट वेगळे येतात. असं होऊ शकतं का?"

हो, सुरुवातीची केंद्रं यादृच्छिक असतात म्हणून. के-मीन्स प्रत्येक बिंदू जवळच्या केंद्राच्या गटात टाकतं, मग प्रत्येक केंद्र आपल्या गटाच्या सरासरीवर नेतं, आणि गट बदलायचे थांबेपर्यंत हेच करत राहतं; k म्हणजे गटांची संख्या. कागदावरच करून बघा: (०,०), (०,२), (६,०), (६,२) हे चार बिंदू, गट दोन. सुरुवात (०,०) आणि (६,०) पासून केली तर डावे-उजवे गट पडतात. केंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ४. सुरुवात (०,०) आणि (०,२) पासून केली तर वरचे-खालचे गट पडतात, बेरीज ३६, आणि गाडी तिथेच अडकते, कारण प्रत्येक बिंदूला आपलंच केंद्र जवळचं असतं.

सायकिट-लर्नमध्ये ही बेरीज `inertia_` मध्ये दिसते. `n_init=10` दिलं की दहा सुरुवातींतून सर्वांत कमी बेरजेचं उत्तर मिळतं. नुसत्या `random_state` ने उत्तर स्थिर होईल, पण ते ३६ वालंही असू शकतं! आणि हो, फक्त गटांचे क्रमांक अदलाबदल झाले असतील तर तो फरक धरू नका.