एकदा सांगितलेलं एआयनं शेवटपर्यंत पाळायला नको का?

अक्कलकोट रोडचा मालक: टॉवेलच्या कोटेशनसाठी एआय वापरतोय. सकाळी सगळे नियम सांगून ठेवतो, दुपारपर्यंत निम्मे विसरलेला असतो. आता पोरं म्हणतात, दर वेळी थोडक्यात परत सांगा. मग हे कशाला? आमचा साधा पोऱ्यासुद्धा एकदा सांगितलं की दिवसभर ऐकतो.

मागवाला: मालक, पोऱ्याशी तुलना करू नका. पोऱ्या सकाळचं डोक्यात ठेवून फिरतो. याच्या डोक्यात काहीच उरत नाही. तुम्ही नवीन प्रश्न टाकला की सकाळपासूनचं सगळं बोलणं पुन्हा त्याच्यापुढे जातं आणि ते वाचून तो उत्तर देतो. एका वेळी किती मजकूर घेता येईल याला मर्यादा असते. ती ओलांडली की काही अ‍ॅप जुनं बोलणं सरळ गाळतात, काही त्याचा सारांश करतात. सारांशात ‘टॉवेलचं कोटेशन’ एवढं उरतं आणि ‘जीएसटी वेगळा’ गळून जातं.

मर्यादेच्या आत असतानाही घसरण होते. २०२३ मध्ये यावर एक अभ्यास झाला. लांब मजकुरात सुरुवातीचं आणि शेवटचं मॉडेल चांगलं वापरतात, मधलं कमी, असं त्यात दिसलं. आता तुमच्या बोलण्याकडे बघा. नियम सकाळी सांगितले, पण भाव बदलला, गिऱ्हाईक बदललं, ते सगळं मध्ये कुठेतरी सांगितलंय.

आमच्याकडे झालेलं सांगतो. टॉवेल ३० बाय ६० इंची, ४०० जीएसएम. भाव डझनावर, जीएसटी वेगळा, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. मग बरंच बोलणं झालं, फोटोखालचा मजकूर, सुताचा हिशोब, एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीचं उत्तर. त्यानंतर कोटेशन मागितलं तर खाली ‘सर्व करांसह’ आलं. कुणी टोकलं नाही. पुढच्या पत्रातही तेच. कारण आता त्याच्यापुढे त्याचंच आधीचं पत्र नमुना म्हणून होतं. तुमचा नियम एकदाच लिहिलेला, आणि चुकीचा नमुना ताजा. तो नमुन्याच्या मागे जातो.

म्हणून नवीन काम सांगण्याआधी एवढंच लिहायचं:

```
पक्कं: टॉवेल ३०×६० इंच, ४०० जीएसएम. भाव डझनाला १,८०० रुपये.
जीएसटी आणि गाडीभाडं वेगळं. पत्र मराठीत, ‘आपण’ म्हणून, एका पानात.
आता: लातूरच्या लॉजसाठी ५० डझनाचं कोटेशन.
```

कोटेशन ९०,००० चं यायला हवं, वर कर वेगळा. तेवढं बघायला किती वेळ लागतो?

जुळे सोलापूर: हेच तर मालक म्हणतायत बे. आपणच सांगायचं, आपणच तपासायचं. मग हातानं लिहिलेलं काय वाईट?

मागवाला: हातानं लिहा, कोण अडवतंय? पण प्रश्न एआय वापरताना काय करावं हा आहे.

नवी पेठ: मोबाईलची मेमरी भरली असेल. सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपचा कॅश उडवा. माझं व्हॉट्सअ‍ॅप तसंच अडकायचं, लगेच सुटलं.

मागवाला: त्याचा संबंध नाही हो काका. मोबाईल रिकामा असला तरी हेच होणार.

विडी घरकुल: मी उलटं सांगते. माझी नणंद प्रत्येक प्रश्नाआधी सकाळचं सगळंच्या सगळं पुन्हा चिकटवते. दोन पानं! त्यात जुना १,७५० चा भावही असतो. सूत महागल्यावर १,८०० केलाय, पण तो खाली कुठेतरी. एका कोटेशनला जुना भाव लागला आणि गिऱ्हाईक त्यावर अडून बसलं. पुन्हा सांगितल्यानं घोळ वाढला, कमी नाही झाला.

मागवाला: ते थोडक्यात नव्हतंच ताई. पुढच्या कामाला लागतं तेवढंच सांगायचं. फोटोखालचा मजकूर हवा असेल तर भाव कशाला? आणि बदललेली गोष्ट एकदाच, आत्ता चालू असलेली. मी ‘१,७५० चा भाव रद्द’ असंही लिहितो.

विडी घरकुल: मी नाही लिहीत. रद्द म्हणून का होईना, जुना आकडा पुन्हा समोर येतोच ना. मी फक्त नवा लिहिते.

मागवाला: जुना आकडा वर बोलण्यात आधीच पडलेला आहे. दोन आकड्यांतला कोणता खरा, हे त्याला कुणी सांगायचं?

विडी घरकुल: माझं तरी नवा लिहून भागतंय.

जुळे सोलापूर: खरं दुखणं मराठीचं आहे. एआय वाक्याचे तुकडे करून वाचतो आणि मर्यादा त्या तुकड्यांवर मोजतात. तेच वाक्य इंग्रजीत लिहिलं तर कमी तुकडे होतात, देवनागरीत जास्त. म्हणजे आपली मर्यादा लवकर भरते. आपल्यावरच अन्याय का?

मागवाला: जास्त तुकडे होतात हे बरोबर. नव्या मॉडेलांत फरक कमी झालाय, गेला नाही. पण मालकांचे नियम मर्यादा भरण्याआधीच गळतायत.

जुळे सोलापूर: भरण्याआधी कशावरून? तू बघितलंस का? आमच्या घरात तेलुगू, दुकानात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. तिन्ही भाषांना हीच शिक्षा. आणि इंग्रजीत लिहायचं म्हटलं तर ‘डझनाला’चं ‘नगाला’ होऊन बसतं. मग म्हणे नियम विसरला.

नवी पेठ: मराठीतच लिहा. सोलापुरात बसून इंग्रजी कशाला?

जुळे सोलापूर: मीही तेच म्हणतोय काका, तुम्ही माझ्यावर का चिडताय?

मागवाला: भाषेचा वेगळा धागा काढा. आणि हो, मालकांची मर्यादा भरली होती का, हे मी बघितलेलं नाही. तेवढं मान्य.

अक्कलकोट रोडचा मालक: मूळ प्रश्नाला कुणी येणार का? चुकला आहे हे कळायचं कसं? प्रत्येक पत्र पूर्ण वाचायचं असेल तर मला परवडत नाही.

विडी घरकुल: एक खूण ठेवायची. ‘प्रत्येक पत्राच्या शेवटी “भाव डझनाचा” लिही’ असं सांगा. ती ओळ गायब झाली की समजायचं, सुरुवातीचं निसटलं. मग तिथेच थांबून नियम पुन्हा द्यायचे.

मागवाला: खूण चांगली आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. ती दर पत्रात लिहिली जाते म्हणून ताजी राहते. शेवटी ‘भाव डझनाचा’ असेल आणि वर ‘करांसह’ही असेल. पैशाच्या दोन ओळी, भाव आणि कर, डोळ्यांनी बघाच. आणि चुकीचं पत्र एकदा आलं असेल तर त्याखाली वाद घालत बसू नका. अ‍ॅपमध्ये सोय असेल तर मागे जाऊन तोच प्रश्न बदलून पुन्हा विचारा, म्हणजे चुकलेलं पत्र त्याच्यापुढे राहत नाही. नाहीतर नवीन बोलणं उघडून त्या तीन ओळी टाका.

अक्कलकोट रोडचा मालक: नवीन उघडलं की गिऱ्हाइकाची तक्रार, आधी काय ठरलं, सगळं जाणार.

मागवाला: जाणार. त्यातलं लागतं ते एका ओळीत लिहायचं. बऱ्याच अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कायमच्या सूचनांसाठी वेगळी जागा असते, तिथे डझन आणि जीएसटी टाका. ती दर वेळी सोबत जाते. भाव मात्र तिथे ठेवू नका, तो बदलतो.

अक्कलकोट रोडचा मालक: बरं. म्हणजे पोऱ्यापेक्षा जास्त सांभाळायचं. डझन आणि जीएसटी आजच त्या जागेत टाकतो, तीन ओळींचं उद्या लातूरच्या पत्राला करून बघतो. पण १,७५० रद्द लिहायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा आधी.

विडी घरकुल: मी सांगितलंय. नाही लिहायचं.

मागवाला: लिहायचं.