मदत हवी आहे: पॉवरप्लेत 53 होतात पण 4 विकेट जातात, काय करावं?

दारव्ह्याचा_वनडाउन
राजेहो, जरा डोकं लावा. आमची टीम गावची, दारव्हा तालुका, सीझन बॉलची 20 ओव्हरची टूर्नामेंट चालू आहे, मॅटिंगवर. आमचे दोन्ही ओपनर असे आहेत का पहिल्या बॉलपासून सर्कलच्या वरून उचलतात, कारण बाहेर दोनच फिल्डर असतात ना. मागच्या मॅचला 6 ओव्हरमध्ये 53 केले पण 4 गेले, अन् मग 15.4 मध्ये 108 वर सगळे आउट. समोरच्यानं पॉवरप्लेत फक्त 34 ला 1 केले अन् तरी 5 विकेट राखून मॅच नेली. त्याच्या आधीच्या मॅचला मी सगळ्यायले रागावलो का विकेट द्यायची नाही, तर 6 ओव्हरमध्ये 29 ला 0, अन् शेवटी 20 ओव्हरमध्ये 118 ला 3. ते पण हरलो. मग नेमके किती रन अन् किती विकेट बरोबर धरायच्या? रविवारी मॅच आहे.

ठोक_बे_भाऊ
विचार कायले करता? सनरायझर्सनं 2024 मध्ये दिल्लीत पॉवरप्लेत 125 केले, एकही विकेट नाही. हेड आणि अभिषेक शर्मा. पॉवरप्ले मारायसाठीच असते. 53 कमी पडले तुमचे, 70 करा.

तुरीचं_वावर
आमच्याकडं तर ऑफला तुरीचं वावर आहे, बॉल तुरीत गेला की दोनच रन अन् बॉल हरवला तर ज्यानं मारला त्यानं शोधून आणायचा, म्हणून आमचे पोट्टे सगळे लेगलाच मारतात अन् डीप मिडविकेटले कॅच देतात. आठ ओव्हरच्या टेनिस मॅचमध्ये पॉवरप्ले दोन ओव्हरचा ठेवावा का तीनचा?

दारव्ह्याचा_वनडाउन
भाऊ, तो वेगळा धागा काढा ना 😅 इथं 20 ओव्हरचं चाललंय.

जुना_स्कोअरर
वीस-बावीस वर्षं स्कोअरबुक लिहिलंय म्हणून सांगतो, 53 ला 4 या आकड्यावरून काही कळत नाही. त्या सहा ओव्हर बॉल-बाय-बॉल टाका. विकेट कोणत्या बॉलवर गेली, त्याच्या आधी काय झालं होतं, ते पाहिजे.

दारव्ह्याचा_वनडाउन
काका, बुक घरीच आहे. घ्या.
पहिली 7 रनची, साधीच.
दुसरी: 4, 1, 4, विकेट, डॉट, डॉट.
तिसरी: 6, 4, 4, डॉट, डॉट, डॉट. यात एक कॅच सुटला मिडऑनले.
चौथी: 4, 4, विकेट, डॉट, 1, डॉट.
पाचवी 3 रनची, नवीन पोरगा अडकला.
सहावी: 4, 6, विकेट, डॉट, 1, विकेट.

जुना_स्कोअरर
आता बघा, तुम्हीच लिहून ठेवलंय. दुसऱ्या ओव्हरला विकेट गेली तेव्हा 9 आले होते. चौथीला 8 आले होते. सहावीला दोन बॉलमध्ये 10. म्हणजे ओव्हर जिंकून झाली होती आणि त्यानंतरच्या बॉलवर बॅट फिरवली. बॉलर मार खाल्ला की लेंथ मागे घेतो किंवा हळू टाकतो, आणि आपला माणूस आधीच्याच शॉटच्या मस्तीत असतो. तुमच्या 4 पैकी 3 विकेट अशाच गेल्यात. आणि तिसऱ्या ओव्हरला तो कॅच सुटला नसता तर तीच गत होती.

लोक म्हणतात विकेटची किंमत पुढं पंधराव्या ओव्हरला द्यावी लागते. तसं नाही, ती तिथंच वसूल होते. त्या तीन ओव्हरमध्ये विकेट गेल्यावर 8 बॉल उरले होते, त्यात 2 रन आले, आणि तेही एक आणखी विकेट देऊन. मग पाचवी पूर्ण ओव्हर 3 ची, कारण नवा माणूस होता. 14 बॉलमध्ये 5 रन! बाहेर दोनच फिल्डर असतानाचे सोन्यासारखे बॉल नवीन बॅट्समनच्या अंदाज घेण्यात गेले. त्या 8 बॉलला नुसती बॅट लावून सिंगल काढल्या असत्या तरी 53 चे 53 च्या वरच राहिले असते, आणि विकेट दोन वाचल्या असत्या.

बिनविकेट_अण्णा
मी हेच केव्हाचं म्हणतो. आधी विकेट वाचवा. 6 ओव्हरमध्ये 35 ला 0 असलं ना, का मागून आपोआप होतात.

जुना_स्कोअरर
अण्णा, अर्धं बरोबर. 2022 च्या वर्ल्डकपची सेमीफायनल आठवा, अॅडलेडची. आपण 6 ओव्हरमध्ये 38 ला 1 केले, शेवटी 168 झाले, इंग्लंडनं पॉवरप्लेतच 63 कुटले आणि 16 ओव्हरमध्ये बिनविकेट संपवलं. मागून आपोआप काही होत नाही, कारण सातव्या ओव्हरपासून पाच जण बाहेर जातात, आणि मॅटिंगवर खेळून सीझन बॉल मऊ पडला की तो बॅटवर येतच नाही.

माझा हिशोब साधा आहे. डाव संपल्यावर काय उरलं ते बघा. 108 वाल्या मॅचला 26 बॉल उरले, म्हणजे विकेट कमी पडल्या. 118 वाल्या मॅचला 7 विकेट उरल्या, म्हणजे मारायला उशीर झाला. दोन्हीत माल वायाच गेला.

ठोक_बे_भाऊ
मग 2024 ची फायनल? पॉवरप्लेत 45 ला 3 होते, तरी वर्ल्डकप आणला ना.

जुना_स्कोअरर
आणला, पण तिसरी गेल्यावर आला कोण? अक्षर पटेल. 31 बॉलमध्ये 47. आणि दुसऱ्या टोकाला कोहली उभा होता. यांच्याकडं पाच नंबरला कोण आहे ते विचारा आधी.

दारव्ह्याचा_वनडाउन
पाच नंबरला कीपर, तो टिकते पण मारत नाही. सहापासून सगळे बॉलर. आठ नंबरचा एक पोट्टा आहे, दहा बॉलमध्ये वीस मारते नाहीतर पहिल्याच बॉलले जाते.

जुना_स्कोअरर
मग त्याला ओपनला पाठवा! कोलकात्यानं 2017 ला नरेनला वर पाठवलं ते याच हिशोबानं. त्याची विकेट स्वस्त. गेला तरी तुमचा बॅट्समन गेला नाही. तुमच्या दोन ठोकणाऱ्यांपैकी जो बरा खेळतो त्याला दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि त्याला एकच सांगा की ओव्हरमध्ये 8 झाले की पुढचे बॉल जमिनीवरून. पोट्ट्याला काही सांगू नका, तो ऐकणारही नाही. अशा मॅटिंगवर मी 42 ते 45 ला 1, फार तर 2, असं धरीन.

उमरखेड_लेफ्टी
काका, 8 झाले की थांबा हे मला पटत नाही. ज्या ओव्हरला बॉलर फुटला आहे तीच तर 20 ची करायची असते. आमी असंच थांबत गेलो अन् पुढच्या ओव्हरला त्यायचा मेन बॉलर आला, 2 रन.

जुना_स्कोअरर
हे खरं आहे. पार्टटाइम टाकत असेल तर मीही नाही थांबवणार. पण फुटलेला बॉलर आणि शहाणा झालेला बॉलर यातला फरक बावीस यार्डावरून ओळखायला नजर लागते. तुमच्या पोरांना ती आहे का ते तुम्हालाच माहीत.

दारव्ह्याचा_वनडाउन
समजलं काका. जुन्या तीन मॅचचं बुक पण काढतो रात्री, विकेटच्या आधीचा बॉल तपासतो. आता एकच घोर आहे, त्या आठ नंबरवाल्यासाठी ज्या ओपनरले खाली आणायचं आहे, त्याच्याच बापाच्या ट्रॅक्टरमध्ये आमी सगळे मॅचले जातो. त्याले कोण सांगणार?

तुरीचं_वावर
तीन ओव्हरचा ठेवतो मग आमी.