वयाच्या दाखल्यात 'अधिक-उणे २' लिहायचं की नाही?

एफएमटी_रडगाणं:
फॉरेन्सिकच्या प्रॅक्टिकलला, हाडं-दात बघून वयाचा दाखला द्यायची केस आली होती. मुलगी, पोलिसांच्या पत्रात वय १७. दात २८, सगळे कायमचे, अक्कलदाढ एकही नाही. कोपरात हाडांची वाढणारी टोकं मुख्य हाडाला पूर्ण जुळलेली. मनगटात रेडियस आणि अल्ना दोन्हींची खालची टोकं जुळलेली, रेडियसला बारीक पांढरी रेघ. कमरेच्या फिल्मवर इलियाक क्रेस्ट, म्हणजे कमरेच्या हाडाची वरची कड, आलीय पण पूर्ण चिकटलेली नाही. मी मत लिहिलं '१६ च्या वर, १९ च्या आत'. शेजारच्याने लिहिलं 'अंदाजे १७, अधिक-उणे २'. एक्झामिनर दोघांनाही काही बोलले नाहीत. नक्की काय लिहायचं?

बॅकबेंचर_०७:
अरे शेजारच्याचंच बरोबर आहे, आमच्याकडे तर सर स्वतः सांगतात की शेवटी अधिक-उणे २ टाकाच, सुप्रीम कोर्टाचं आहे ते, जया माला १९८२. सगळ्या सांध्यांची वयं लिहून काढायची, त्यांचा मध्य काढायचा आणि पुढे दोन वर्षं लावायची, विषय संपला. १६ ते १९ लिहिलं तर व्हायवाला म्हणतील एवढं मोठं रेंज देऊन कोर्टाला काय उपयोग.

जुनी_हाडं:
जया मालाचं नाव बरोबर घेतलंस पण वापर उलटा केलास. त्या निकालात कोर्टाने म्हटलं की एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते. म्हणजे डॉक्टरचं मत हातात आल्यावर ते किती ताणायचं हे कोर्ट ठरवतं, तुम्ही दाखल्यातच दोन वर्षं जोडून द्या असं त्यात कुठेही नाही. मी एमडीनंतर बरीच वर्षं वयाचे दाखले देतोय आणि साक्षीलाही उभा राहतो, माझ्या दाखल्यात हे अधिक-उणे कधीच नसतं.

आणि मध्य काढणं तर सोडूनच द्या. ह्या मुलीचं कोपर १४-१५ लाच जुळलं असणार, ते आज फक्त एवढंच सांगतं की ती त्याच्या पुढे आहे. ते आकडे मनगटाच्या आकड्यात मिसळून सरासरी काढली की वय उगाच खाली ओढलं जातं. विचार असा करायचा, की जे जुळलंय त्यातलं सगळ्यात उशिरा जुळणारं हाड कोणतं? इथे मनगट. त्यावरून खालची मर्यादा, आणि ती त्या हाडाच्या रेंजच्या खालच्या टोकाची घ्यायची, म्हणून १६. मग जे अजून जुळायचंय त्यातलं सगळ्यात आधी जुळणारं कोणतं? इथे इलियाक क्रेस्ट, मुलींत १७ ते १९. त्यावरून वरची मर्यादा आणि ती रेंजच्या वरच्या टोकाची, म्हणून १९. रडगाणं, तुझं उत्तर ह्याच रस्त्याने आलंय.

आता शेजाऱ्याचं उत्तर उलगडून बघा. १७ अधिक-उणे २ म्हणजे १५ ते १९. ते १५ कुठून आलं? मनगटाची दोन्ही टोकं बंद आहेत, मग १५ म्हणायला फिल्मवर आधार काय?

एफएमटी_रडगाणं:
पण सर १६ ते १९ मध्ये १८ मधोमध येतंय, म्हणजे ती सज्ञान की अज्ञान हे कळलंच नाही ना?

जुनी_हाडं:
नाहीच कळलं. ह्या फिल्मवरून ते कळत नाही आणि दाखल्यात ते तसंच दिसलं पाहिजे. आकडा १८ च्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलून पोलिसांची सोय करणं हे आपलं काम नाही. ते पांढऱ्या रेघेचं मात्र तुम्ही सगळे पटापट पुढे गेलात. ती रेघ म्हणजे जुळणं अर्धवट आहे असं समजून बरीच मुलं मनगट 'न जुळलेलं' लिहितात आणि मग सगळं मतच घसरतं. व्ह्यू बॉक्ससमोर फिल्म धरून रेघेच्या दोन्ही कडांना बघा. कडेला हाडाच्या बाह्यरेषेत खाच असेल, मध्ये काळी फट असेल तर कूर्चा अजून शिल्लक आहे. बाह्यरेषा सलग आणि आत नुसती पांढरी रेघ असेल तर तो व्रण आहे, जुळून झालंय, आणि तो व्रण पुढे बरीच वर्षं राहू शकतो.

रेडिओ_मिरची_नाही_लॉजिस्ट:
सरांशी रेघेबद्दल सहमत, मर्यादेबद्दल नाही. तुम्ही १६ ही खालची मर्यादा अशी लिहिताय जणू १५ वर्षं ११ महिन्यांच्या मुलीचं मनगट बंद होऊच शकत नाही. पुस्तकातले हाडं जुळण्याच्या वयाचे बरेचसे आकडे शेवटी गॉलस्टनच्या अभ्यासाकडे जातात, आणि ते काम १९३० च्या दशकातलं, बंगालमधल्या मुलांवरचं. आज कोल्हापुरात दूधदुभतं खाऊन वाढलेली मुलगी आणि मेळघाटातली मुलगी दोघींना तेच कोष्टक लावायचं? दोन पुस्तकं शेजारी ठेवली तरी त्याच हाडाला वर्ष-दीड वर्षाचा फरक सापडतो. मग मर्यादेबाहेर थोडी जागा ठेवणं ह्यात चूक काय आहे, ती जागा डॉक्टरने नाही दाखवायची तर कोणी, कोर्टाला काय माहीत की कोष्टक किती जुनं आहे.

क्रिकेटवाला_बाबा:
माझा पण हाच प्रॉब्लेम आहे. मुलगा १५ चा, जन्मदाखला आहे, शाळेचा दाखला आहे, तरी निवडीच्या वेळी मनगटाचा एक्स-रे काढून १६ च्या वर सांगितलं आणि बाहेर ठेवलं. हे अधिक-उणे २ आमच्या वेळी कुठे गेलं होतं? कोणाकडे अपील करायचं सांगा कोणीतरी.

काळा_कोट:
बाबा, तुमचा विषय वेगळा आहे, ती खेळातली पात्रता, तिथे त्या संस्थेचे नियम. इथे चाललंय कोर्टातल्या वयाचं. आणि डॉक्टर मंडळींना एक सांगू का, तुम्ही अधिक-उणेवरून भांडताय पण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ९४ बघा. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि ह्यातलं काहीच नसेल तेव्हाच हाडांची तपासणी. बाबांच्या मुलाकडे आहेत तसे कागद असते तर तुमच्या ह्या मुलीची फिल्म काढायची वेळच आली नसती. व्हायवाला हा क्रम सांगितला तर निम्मे मार्क तिथेच.

रेडिओ_मिरची_नाही_लॉजिस्ट:
बाबांच्या केसमध्ये एक गंमत आहे पण. क्रिकेटमध्ये १६ च्या आतल्यांना टीडब्ल्यू-३ पद्धत लावतात, त्यात फक्त मनगट आणि हाताची हाडं. त्या पद्धतीत मुलाचं मनगट १६.५ ला आणि मुलीचं १५ ला 'पूर्ण' धरतात. मुलीचं १५! आणि सर इथे म्हणतात १६ च्या खाली मनगट बंद असूच शकत नाही. आता बोला.

जुनी_हाडं:
हा मुद्दा चांगला काढलास. पण 'पूर्ण' कशाला म्हणतात ते बघ. टीडब्ल्यूमध्ये रेडियसचा शेवटचा टप्पा म्हणजे जुळायला सुरुवात झाली, तिथेच त्यांची मोजणी थांबते. आपण दाखल्यात जे वय धरतो ते जुळून संपल्याचं. मधे वेळ जातो. शिवाय त्यांची मुलं वेगळ्या देशांतली. त्यामुळे १५ आणि १६-१७ हे आकडे वाटतात तेवढे एकमेकांविरुद्ध नाहीत.

तरी एवढं मान्य, लवकर वयात येणाऱ्या मुलीचं मनगट १६ च्या थोडं आधी बंद होऊ शकतं. म्हणून मी दाखल्यात 'बहुधा' हा शब्द ठेवतो, आणि पाळी कधी सुरू झाली, उंची, वजन हेही लिहितो. पण सरसकट दोन वर्षं? ती प्रत्येक केसला सारखीच कशी?

दाताडे_बाई:
सगळे हाडांच्याच मागे, दात बिचारे एका ओळीत संपवलेत 😀 मी डेंटिस्ट. '२८ दात, अक्कलदाढ नाही' ह्यातून तुम्ही काय काढलंत? दुसरी दाढ आलीय म्हणजे १२-१४ च्या पुढे, बस. अक्कलदाढ तोंडात नाही ह्याचा अर्थ १७ च्या आत असा नाही. ती आडवी अडकलेली असेल, जन्मतःच नसेल, कोणीतरी काढलेली असेल. तिशीतल्या लोकांच्या तोंडात पण २८ च दात बघते मी रोज.

तोंडात बोट घालून दुसऱ्या दाढेच्या मागे जागा आहे का ते तरी बघा, आणि ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. दात हिरडीतून वर येणं जागेवर अवलंबून असतं, पण त्याचं मूळ आतल्या आत आपल्या वेळेने बनत राहतं. डेमिर्जियनची ए ते एच अशी आठ टप्प्यांची पद्धत आहे, मूळची १९७३ ची, तेव्हा ती खालच्या सात दातांना होती, नंतर लोक अक्कलदाढेलाही लावू लागले. १६ ते २० च्या पट्ट्यात अजून बनत असलेला दात तोच एक, बाकीच्यांची मुळं कधीच बंद झालेली असतात.

बॅकबेंचर_०७:
मॅडम मग मुळाचं टोक बंद असेल तर १८ पूर्ण असं लिहायचं का थेट? आणि गुस्टाफसन पण लावता येईल ना इथे, सहा पॉइंट पाठ आहेत माझे.

दाताडे_बाई:
गुस्टाफसनसाठी दात काढून घासून पातळ काप करावा लागतो. जिवंत मुलीचा दात उपटणार आहेस का मतासाठी? तो मोठ्या माणसांच्या सुट्या दातांसाठी, अनोळखी सांगाडा वगैरे असेल तर.

टोकाचं म्हणशील तर बंद असेल तर १८ पार केल्याची शक्यता वाढते, खात्री नाही. उघडं असेल तरी १८ च्या आतच आहे असंही नाही, काहींची विशीनंतर बंद होतात. पण ह्या केसमध्ये मुळं अर्धीच बनलेली दिसली असती तर मी १९ ही वरची मर्यादा जास्त विश्वासाने लिहिली असती.

फिल्मवाला:
मी एक्स-रे टेक्निशियन. एवढे शहाणे लोक भांडताय पण फिल्म त्याच मुलीची आहे का हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे एकदा दोन मुली एकाच गावातून आल्या, आडनाव एक, पोलीसही तेच. कागदावर नंबर बरोबर होते पण पाकिटं बदलली. लक्षात कशामुळे आलं, तर एकीच्या मनगटात जुना फ्रॅक्चर जुळल्याची खूण होती आणि जिच्या नावाचं पाकीट तिच्या हाताला कधी काही झालंच नव्हतं. डावी-उजवी बाजू दाखवणारा मार्कर, नाव, नंबर, तारीख हे फिल्मच्या आत उठलेलं पाहिजे, वरून पेनाने लिहिलेलं नको.

जुनी_हाडं:
ह्यांना नमस्कार. रडगाणं, दाखल्यावर ओळखखुणा काय लिहिल्यास?

एफएमटी_रडगाणं:
'उजव्या हातावर तीळ' आणि 'कपाळावर जुना व्रण'. आणि अंगठा घेतला.

जुनी_हाडं:
उजव्या हातावर कुठे? तळव्यावर, मनगटावर, दंडावर? निम्म्या महाराष्ट्राच्या उजव्या हातावर तीळ असतो. 'उजव्या अग्रबाहूच्या पुढच्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून ५ सेंमी वर, काळा तीळ' असं लिही. दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या दिवशी वकील विचारतो की ह्याच मुलीला तपासलंत कशावरून, तेव्हा वयाचं कोष्टक कोणी बघत नाही, हा तीळ बघतात. फिल्मचे नंबर मताच्या ओळीतच घाल, वेगळ्या कागदावर नको. तपासणीच्या वेळी हजर असलेल्या महिला अटेंडंटचं नाव आणि संमती ही पण राहायला नको.

काळा_कोट:
साक्षीचं बोललात म्हणून सांगतो, मी बचावाच्या बाजूने असलो तर तुमच्या १६-१९ वर जया मालाची दोन वर्षं मीच लावून मागणार, २१ पर्यंत नेणार. सरकारी वकील १४ पर्यंत नेणार. तुम्ही अधिक-उणे लिहा किंवा नका लिहू, आम्ही ते करणारच.

रेडिओ_मिरची_नाही_लॉजिस्ट:
बघा म्हणजे १४ ते २१. म्हणूनच म्हणतोय की चूक किती आणि कोणत्या दिशेला ते डॉक्टरने लिहावं, वकिलाने नाही. वरच्या बाजूला ह्या मुलीत दोन वर्षं देणं मला तरी पटत नाही, क्रेस्ट अजून पूर्ण जुळलेली नाही. खालच्या बाजूला एक वर्ष मी देईन.

जुनी_हाडं:
कारणासहित 'खाली एक वर्ष' लिहिलंस तर माझी हरकत कमी होईल. सवयीने छापलेल्या अधिक-उणे २ ला माझी हरकत राहणारच. आणि परीक्षेत रडगाणं, कोणतं हाड वरची मर्यादा देतं आणि कोणतं खालची, हे एका ओळीत लिही म्हणजे एक्झामिनर कोणत्याही गटाचा असला तरी मार्क कापणं अवघड जाईल.

बॅकबेंचर_०७:
आमचे सर तरी अधिक-उणे नसलं की कापतात. मी टाकणार.